गृहीत संमती: मौनाचा अर्थ कोणी लावायचा?

मृत्यूनंतर अवयव देण्याबाबत जगात ढोबळमानाने दोन प्रकारचे कायदे आहेत. पहिल्या प्रकारात व्यक्तीने हयातीत स्वतःहून होकार नोंदवलेला असेल, किंवा तिच्या पश्चात जवळच्या नातेवाइकांनी संमती दिली, तरच अवयव काढता येतात. याला ऑप्ट-इन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ज्याने नकार नोंदवलेला नाही त्याची संमती आहेच, असे कायदा गृहीत धरतो. हा ऑप्ट-आउट. या दोहोंवरचा वाद बहुतेक वेळा असा रंगतो की पहिली पद्धत व्यक्तीच्या अधिकाराची आणि दुसरी समाजाच्या हिताची, आणि प्रतीक्षायादीवर माणसे मरत असताना अधिकाराचा आग्रह किती धरायचा एवढेच ठरवायचे उरते. मला ही मांडणी दिशाभूल करणारी वाटते. ऑप्ट-आउटचे समर्थक संमतीची भाषा बोलतात, पण त्यांचा खरा युक्तिवाद बांधिलकीचा असतो. ऑप्ट-इनचे समर्थक संमतीचा कैवार घेतात, पण त्यांच्या पद्धतीत स्पष्ट शब्दांत दिलेला होकारही नातेवाइकांच्या एका नकाराने पुसला जातो, याकडे ते सहसा पाहत नाहीत.

ऑप्ट-आउटच्या बाजूने गेली दोन दशके एक आलेख पुढे केला जातो. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातील देशांची तुलना केली. ऑप्ट-इन असलेल्या जर्मनीत संमतीचे प्रमाण 12 टक्के दिसत होते, तर शेजारच्या ऑप्ट-आउट असलेल्या ऑस्ट्रियात 99.98 टक्के. पूर्वनिर्धारित पर्याय बदलला की माणसांचे वर्तन कसे बदलते, याचे उदाहरण म्हणून हा आलेख असंख्य व्याख्यानांतून दाखवला गेला. पण 99.98 हा आकडा नकार न नोंदवलेल्या लोकांचा आहे, अवयव दिलेल्यांचा नव्हे. प्रत्यक्ष दात्यांच्या प्रमाणात दोन देशांत फरक होता, पण तो आठपटींचा कधीच नव्हता. नोंदवहीत काय लिहिले आहे आणि अतिदक्षता विभागात काय घडते यांच्यामध्ये बरेच अंतर आहे, आणि माझ्या मते या धोरणाचे खरे मूल्यमापन त्या अंतरातच करायला हवे.

ते अंतर समजण्यासाठी आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मरणाऱ्या प्रत्येकाचे अवयव उपयोगी पडत नाहीत. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव देता येण्यासाठी मृत्यू बहुधा रुग्णालयात, तोही अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वसनयंत्रावर असताना व्हावा लागतो. ब्रिटनमध्ये अशा परिस्थितीत होणारे मृत्यू एकूण मृत्यूंच्या जेमतेम 1 टक्का आहेत. म्हणजे कोट्यवधी लोकांची संमती गृहीत धरली, तरी प्रश्न शेवटी वर्षाकाठी मोजक्या हजार खाटांपाशी येऊन थांबतो, आणि त्या प्रत्येक खाटेशेजारी बहुतेक वेळा एक कुटुंब बसलेले असते.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हा बदल अलीकडे आणि पूर्ण विचारान्ती झाला. 20 मे 2020 पासून तिथे गृहीत संमतीचा कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालील मुले, मृत्यूपूर्वी दीर्घकाळ निर्णयक्षमता नसलेल्या व्यक्ती आणि बारा महिन्यांपेक्षा कमी काळ तिथे राहिलेले लोक यांना त्यातून वगळले आहे. चेहरा किंवा हात यांसारख्या नव्या प्रकारच्या प्रत्यारोपणालाही गृहीत संमती चालत नाही, तिथे स्पष्ट होकारच लागतो. यातून एक गोष्ट सूचित होते: गृहीत धरलेली संमती ही दिलेल्या संमतीच्या तोलाची नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य होते. तसे नसते तर मूत्रपिंडाला पुरेशी असलेली संमती हाताला अपुरी का पडावी?

आता समजा, चाळिशीतल्या एका स्त्रीला मेंदूत अचानक रक्तस्राव झाला. ती श्वसनयंत्रावर आहे. दोन अनुभवी डॉक्टर मेंदूस्तंभाच्या, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळाकडच्या भागाच्या, तपासण्या करतात. बाहुल्यांवर प्रकाश टाकून पाहतात, बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, कानात बर्फासारखे थंड पाणी सोडून डोळे हलतात का ते बघतात, घशात नळी हलवून खोकला येतो का ते तपासतात आणि शेवटी यंत्र काढून पाच मिनिटे ती स्वतः श्वास घेते का याची वाट पाहतात. हे सगळे दोनदा करावे लागते. दोन्ही वेळा काहीच प्रतिसाद आला नाही, तर पहिली फेरी पूर्ण झाली ती वेळ कायद्याने मृत्यूची वेळ ठरते. छाती मात्र यंत्रामुळे वरखाली होतच असते, हात उबदार असतो.

मृत्यूची बातमी आणि अवयवदानाचा विषय एकाच बैठकीत काढू नये, असा या क्षेत्रातला पक्का दंडक आहे. म्हणून कुटुंबाला ती बातमी पचवायला वेळ दिल्यानंतर या कामासाठी प्रशिक्षित असलेली विशेषज्ञ परिचारिका त्यांना भेटते. भेटीपूर्वीच तिने राष्ट्रीय नोंदवही पाहिलेली असते. नोंदवहीत या स्त्रीचे नाव नाही. होकारही नाही, नकारही नाही. कायद्याच्या भाषेत तिची संमती गृहीत आहे. परिचारिका नवऱ्याला विचारते, “यांनी याबद्दल कधी काही बोलून दाखवलं होतं का?” तो म्हणतो, “नाही. हा विषय निघालाच नाही आमच्यात.” मग परिचारिका सांगते की कायद्यानुसार त्यांची हरकत नव्हती असे आपण धरतो. नवरा थोडा वेळ गप्प राहतो आणि विचारतो, “पण तिला हा कायदा माहीत तरी होता का?”

या प्रश्नाला परिचारिकेकडे प्रामाणिक उत्तर नसते. माझ्या मते गृहीत संमतीवरचा सगळा तात्त्विक वाद या एका प्रश्नात सामावलेला आहे.

पुढची प्रक्रियाही लांबलचक आहे. होकार मिळाला तरी तासभर किंवा अधिक वेळ कुटुंबाला मृताच्या आजारांपासून परदेशप्रवासापर्यंत आणि लैंगिक इतिहासापर्यंतचे प्रश्न विचारावे लागतात, कारण तिच्या शरीरातून संसर्ग किंवा कर्करोग दुसऱ्याच्या शरीरात जाण्याचा धोका असतो आणि ही माहिती दुसऱ्या कोणाकडेच नसते. मग रक्ताच्या चाचण्या, जुळणाऱ्या रुग्णांचा शोध, वेगवेगळ्या रुग्णालयांना विचारणा आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचे आगमन. यात चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त वेळ सहज जातो. मनाने अर्धवट तयार झालेले कुटुंब अनेकदा याच टप्प्यावर “आता पुरे, तिला सोडा” म्हणते. कायदा मृताची संमती गृहीत धरू शकतो, पण तिच्या मुलीने आणखी एक रात्र रुग्णालयाच्या बाकावर काढावी, हे तो गृहीत धरू शकत नाही.

कायद्याने नातेवाइकांना इथे नेमके कोणते स्थान दिले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. गृहीत संमती टाळायची असेल तर नातेवाइकाने अशी माहिती द्यायला हवी की जिच्या आधारे कोणाही समंजस माणसाला वाटावे, मृताने संमती दिली नसती. म्हणजे कागदावर नातेवाईक साक्षीदार आहे, निर्णयकर्ता नाही. ही मांडणी मला मनापासून पटते. व्यवहारात मात्र कुटुंब ठामपणे नको म्हणाले तर कोणताही डॉक्टर पुढे जात नाही, आणि जाऊही नये असे बहुतेकांचे मत आहे. दुःखात असलेल्या माणसांशी झगडून काढलेले एक मूत्रपिंड उद्याच्या शंभर होकारांचे नुकसान करू शकते. त्यामुळे कायद्याचा शब्द बदलला तरी बाकावरची व्यक्ती बदलली नाही, आणि तिच्या हातातला पुरावा मात्र पूर्वीइतकाच अपुरा राहिला.

आकडे हेच सांगतात. ब्रिटनमध्ये मृताने स्वतः होकार नोंदवलेला असेल तेव्हा सुमारे दहापैकी नऊ कुटुंबे त्याला पाठिंबा देतात. मृताने काहीच नोंदवलेले नसेल आणि केवळ गृहीत संमती असेल, तेव्हा हे प्रमाण पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान घुटमळते. देशभरातले एकूण संमतीचे प्रमाण 2019-20 मध्ये 67-68 टक्क्यांच्या आसपास होते. कायदा बदलल्यानंतर ते वाढायला हवे होते, पण पुढच्या तीन वर्षांत 61-62 टक्क्यांवर आले. या घसरणीचे खापर सरसकट कायद्यावर फोडणे योग्य नाही. कायदा लागू झाला तो महासाथीचा ऐन काळ होता, रुग्णालयांत भेटीगाठींवर बंधने होती आणि लोकांना माहिती देण्याची मोहीम जवळजवळ झाकोळून गेली. पण एवढे नक्की म्हणता येते की स्पष्ट शब्दाचे वजन आणि मौनाचे वजन यांत जो फरक तत्त्वज्ञ दाखवत आले, तोच फरक शोकग्रस्त कुटुंबांनी कोणताही सिद्धान्त न वाचता केला.

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे सुभाषित आपण अगदी सहज वापरतो, परंतु ते जिथे खरे ठरते तिथल्या अटी आपण विसरतो. बैठकीत अध्यक्षांनी ठराव वाचला, “कोणाची हरकत?” असे विचारले आणि सगळे गप्प राहिले, तर त्या मौनाला संमती म्हणता येते. कारण तिथे प्रश्न सर्वांनी ऐकलेला असतो, हरकत घ्यायला वेळ दिलेला असतो, हात वर करण्याखेरीज काही किंमत मोजावी लागत नाही, आणि गप्प राहिल्यास काय होईल हे सर्वांना ठाऊक असते. यातली एकही अट सुटली तर मौन हे केवळ मौन उरते. अवयवदानात प्रश्न विचारला गेला आहे हेच अनेकांना माहीत नसते. ज्यांना माहीत असते त्यांच्यापैकी कित्येकांना स्वतःच्या मरणाचा विचार नकोसा वाटतो, काहींना ठरवता येत नाही, काहींना वाटते की हे घरच्यांनी ठरवावे. या सगळ्या वेगवेगळ्या मनःस्थितींना कायदा एकच अर्थ देतो.

यावर ऑप्ट-आउटच्या समर्थकांकडे एक सबळ उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, पाहणीत बहुसंख्य लोक अवयवदानाला अनुकूल असल्याचे सांगतात, पण नोंदणी मात्र त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपासच लोक करतात. मग मौनाचा अर्थ ‘नाही’ असा लावला तर जास्त लोकांच्या बाबतीत चूक होते, ‘हो’ असा लावला तर कमी लोकांच्या बाबतीत. अर्थ तर कोणता तरी लावावाच लागणार. तटस्थ पर्याय अस्तित्वातच नाही. ज्याला द्यायचे होते त्याचे अवयव पुरले किंवा जाळले गेले, तर त्याच्याही इच्छेचा भंग झालाच.

हा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. तटस्थ पर्याय नाही, हे खरेच आहे. द्यायची इच्छा असूनही न घेतलेले अवयव ही मृताच्या इच्छेची हानी आहे, हेही खरे आहे. पण चुकांची संख्या कमी करणे म्हणजे संमती मिळवणे नव्हे. शंभरातल्या सत्तरांना हवे आहे म्हणून एकशे एकाव्याने संमती दिली, असे होत नाही. त्याच्याबद्दलचा आपला अंदाज बरोबर येण्याची शक्यता सत्तर टक्के आहे, एवढेच होते. अंदाजाला अंदाज म्हणून धोरणात स्थान असू शकते. त्याला संमती म्हटले की ज्या व्यक्तीने काहीच केले नाही तिच्या नावावर एक कृती चढवली जाते.

शिवाय या चुका समाजात सारख्या वाटल्या जात नाहीत. नकार नोंदवण्यासाठी कायदा समजावा लागतो, शासनाचे पत्र वाचता यावे लागते, संकेतस्थळ वापरता यावे लागते आणि आपण नोंदवलेला नकार पाळला जाईल असा विश्वास असावा लागतो. ज्यांची भाषा वेगळी आहे, पत्ता स्थिर नाही किंवा ज्यांना रुग्णालयात नेहमीच दुय्यम वागणूक मिळाली आहे, त्यांचे मौन सर्वांत कमी बोलके असते आणि तेच सर्वांत सहज ‘हो’ म्हणून वाचले जाते. ब्रिटनमध्ये अल्पसंख्य वांशिक गटांत मूत्रपिंडाची गरज जास्त आहे, जुळणारे दाते कमी आहेत आणि कुटुंबांकडून मिळणाऱ्या संमतीचे प्रमाणही बरेच कमी आहे. तिथली अडचण नोंदवहीतल्या रकान्याची नाही. वैद्यकीय व्यवस्थेवरच्या विश्वासाची आहे.

म्हणून मला वाटते, ऑप्ट-आउटचे समर्थन करायचेच असेल तर ते संमतीच्या नावाखाली करू नये. मृताला अवयवांचा उपयोग नाही, जिवंताचा जीव त्यावर अवलंबून आहे, आणि आपल्यापैकी कोणावरही उद्या त्या यादीत जाण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा देणे हे आपले एकमेकांप्रती कर्तव्य आहे आणि ज्याला तीव्र हरकत असेल त्याला कायदा सूट देईल, असे उघडपणे म्हणावे. हा बांधिलकीचा युक्तिवाद आहे आणि तो संमतीच्या युक्तिवादापेक्षा कमी दर्जाचा मुळीच नाही. कर भरण्यासाठी कोणी आपली संमती विचारत नाही. फक्त तो संमतीचा मुखवटा न घालता यावा, म्हणजे त्यावर जाहीर वाद होऊ शकेल.

सिंगापूरने 1987 च्या कायद्यात बऱ्याच अंशी हे केले. सुरुवातीला तो अपघाती मृत्यू आणि मूत्रपिंडांपुरताच होता; मुस्लिम नागरिकांना वगळले होते. 2004 मध्ये यकृत, हृदय आणि नेत्रपटल यांचा समावेश झाला व मृत्यूच्या कारणाची अट गेली, आणि 2008 पासून मुस्लिम नागरिकही त्यात आले. तिथे बाहेर पडण्याचा अधिकार आहे, पण जो बाहेर पडतो त्याला स्वतःला अवयवाची गरज भासल्यास प्रतीक्षायादीत मागची जागा मिळते. देण्याघेण्याचा हिशोब असा सरळ आहे. नातेवाइकांच्या विरोधापुढेही तिथली व्यवस्था इतर देशांइतकी झुकत नाही, आणि त्यावरून रुग्णालयांत क्लेशदायक प्रसंग घडलेले आहेत.

या मार्गाचा प्रामाणिकपणा मला भावतो, त्याचा निष्कर्ष नाही. प्रत्यारोपणात अवयव कोणाला मिळावा हे गरज, जुळणी आणि यशाची शक्यता यांवर ठरावे, हे तत्त्व फार कष्टाने रुजले आहे. त्यात वर्तनाचे बक्षीस मिसळले की बांधिलकी ही विमापत्रासारखी होते: हप्ता भरला त्याला लाभ. विमा वाईट नसतो, पण ज्याने कधी काही दिले नाही आणि देऊही शकणार नाही अशा माणसालाही वाचवणे, हेच तर बांधिलकीचे वेगळेपण आहे. यावर कोणी म्हणेल की फुकट्यांना आळा घालायलाच हवा. मला त्या फुकट्यांची संख्या आणि त्यांचा हेतू या दोहोंबद्दल शंका आहे. नकार देणारे बहुतेक लोक हिशोबी नसतात. ते घाबरलेले असतात. डॉक्टर आपल्याला वाचवण्याचे प्रयत्न लवकर सोडतील, ही त्यांची सर्वांत मोठी भीती असते.

त्या भीतीकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते ब्राझीलने दाखवले. तिथे 1997 मध्ये गृहीत संमतीचा कायदा झाला. ओळखपत्रावर ‘दाता नाही’ अशी नोंद करून घेण्यासाठी लोकांनी गर्दी केली. सार्वजनिक रुग्णालयांवर आधीच विश्वास कमी होता. त्यात आपले शरीर आता राज्याचे झाले, असा समज पसरला. डॉक्टरांच्या संघटनेनेही विरोध केला, आणि कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढायला डॉक्टर तयार नव्हते. पुढच्याच वर्षी ती तरतूद मागे घ्यावी लागली. विशेष म्हणजे ज्या लोकांनी कधी या विषयावर मत बनवलेच नव्हते, त्यांनी कायद्याच्या धसक्याने नकार नोंदवला. मौन निदान मोकळे असते, पुढे त्याचे होकारात रूपांतर होऊ शकते. नोंदवलेला नकार मात्र कुटुंबासाठी शेवटचा शब्द असतो.

ऑप्ट-आउटच्या यशाचे उदाहरण म्हणून स्पेनचे नाव हमखास घेतले जाते, तेव्हा तिथला कालक्रम नीट पाहायला हवा. गृहीत संमतीचा कायदा तिथे 1979 मध्ये झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1989 मध्ये, दात्यांचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे 14 च्या आसपासच होते. त्याच वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि राफाएल मातेसान्स तिचे प्रमुख झाले. त्यांनी रुग्णालयागणिक समन्वयक नेमले, आणि ते बहुतेक अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टरच असतील असे पाहिले. संभाव्य दाता वेळेत ओळखला जातो का, प्रत्येक न झालेले दान कशामुळे हुकले, कुटुंबाशी कोण आणि कसे बोलते, यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी केली. दहा वर्षांत हे प्रमाण तीसच्या पुढे गेले आणि 2019 मध्ये 49 च्या घरात पोहोचले. कायदा या सगळ्या काळात तोच होता. व्यवहारात स्पेनमध्ये प्रत्येक कुटुंबाला विचारले जाते. ज्यांच्या देशाचे उदाहरण देऊन जगभर ऑप्ट-आउटचा आग्रह धरला जातो, ते मातेसान्स स्वतः गृहीत संमतीकडे लक्ष विचलित करणारा मुद्दा म्हणून पाहत आले. ब्रिटनमध्येही अवयवदानासाठी नेमलेल्या कार्यगटाने 2008 मध्ये गृहीत संमती नको, आधी रुग्णालयांतली व्यवस्था सुधारा, असा सल्ला दिला होता. पाच वर्षांत दाते निम्म्याने वाढवण्याचे जे उद्दिष्ट त्या काळात ठरले, ते 2013 मध्ये ऑप्ट-इन कायद्याखालीच पूर्ण झाले.

तरीही एक उदाहरण माझ्या बाजूला सहज बसत नाही, ते वेल्सचे. 1 डिसेंबर 2015 पासून वेल्समध्ये गृहीत संमती लागू झाली आणि पुढच्या तीन वर्षांत तिथले संमतीचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आतून पंचाहत्तरच्या पुढे गेले. इंग्लंडमध्ये त्याच धर्तीच्या कायद्याने असे काही झाले नाही. मग फरक कशाचा? वेल्समध्ये कायदा 2013 मध्ये मंजूर झाला आणि लागू होईपर्यंतची दोन वर्षे सरकारने लोकांना तो समजावून देण्यात घालवली: घरोघरी पत्रके, जाहिराती, परिचारिकांचे नव्याने प्रशिक्षण. छोटा देश, तीस लाखांची वस्ती; विषय घराघरांत निघाला. माझा अंदाज असा की वेल्समध्ये जे वाढले ते मौनाचे वजन नव्हते, बोलणे वाढले होते. कायद्याने निमित्त पुरवले आणि लोकांनी आपापल्या घरात मत सांगून टाकले, त्यामुळे बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे सांगण्यासारखे काहीतरी होते. हा अंदाज चूक असू शकतो, कारण छोट्या लोकसंख्येत वर्षाला काही डझन कुटुंबांनी वेगळा निर्णय घेतला तरी टक्केवारी हलते. पण तो बरोबर असेल तर नंतरच्या वर्षांत मोहीम ओसरल्यावर वेल्सचे प्रमाण पुन्हा खाली का आले, याचाही उलगडा होतो.

मग धोरण कसे असावे? माझ्या मते नेदरलँड्सने 1 जुलै 2020 पासून लागू केलेली रचना योग्य दिशेने जाते. तिथे अठरा वर्षांवरील प्रत्येकाला पत्राने विचारले जाते आणि उत्तराचे चार पर्याय असतात: होकार, नकार, निर्णय माझ्या जोडीदाराने किंवा कुटुंबाने घ्यावा, किंवा मी नेमलेल्या अमुक एका व्यक्तीने घ्यावा. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जाते. तरीही उत्तर नसेल तर ‘हरकत नाही’ अशी नोंद होते आणि ती झाल्याचेही त्या व्यक्तीला कळवले जाते. हा कायदा तिथल्या वरिष्ठ सभागृहात 38 विरुद्ध 36 अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला, यावरून वाद किती अटीतटीचा होता ते समजते. या रचनेत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक म्हणजे बैठकीतल्या मौनाच्या अटी ती बऱ्याच प्रमाणात पूर्ण करते: प्रश्न प्रत्यक्ष विचारला जातो, तोही पुन्हा पुन्हा. दुसरी म्हणजे ‘घरच्यांनी ठरवावे’ हे उत्तरही खरे उत्तर मानले जाते. अनेक माणसांना आपल्या शरीराबद्दलचा हा निर्णय खरोखरच आपल्या माणसांवर सोपवायचा असतो. त्यांना हो किंवा नाही यांत कोंबणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा सन्मान नव्हे.

मी या रचनेत दोन बदल सुचवीन. पहिला असा की विचारणा एकदाच करून थांबू नये. वाहन परवान्याचे नूतनीकरण, मतदारनोंदणी, आरोग्यसेवेतली नावनोंदणी अशा ज्या ज्या वेळी नागरिक शासनासमोर येतो, त्या वेळी हा प्रश्न त्याच्या भाषेत आणि “आत्ता ठरवत नाही” हे उत्तर मोकळे ठेवून विचारावा. पंचविसाव्या वर्षी दिलेले उत्तर पन्नाशीतही तेच असेल असे नाही. दुसरा बदल अधिक वादग्रस्त आहे. ज्याने स्वतः होकार नोंदवला आहे, त्याचा होकार नातेवाइकांना रद्द करता येऊ नये. संमती पवित्र मानायची असेल तर ती दोन्ही बाजूंनी मानावी लागेल. न दिलेली संमती गृहीत धरणे हा जसा अन्याय, तसाच दिलेली संमती पुसून टाकणे हाही अन्यायच आहे, आणि तो आज ऑप्ट-इन आणि ऑप्ट-आउट दोन्ही प्रकारच्या देशांत होतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या कायद्यांनुसार प्रौढाने नोंदवलेला होकार कुटुंबाला फिरवता येत नाही, आणि तिथे कुटुंबाला परवानगी न मागता पुढे काय होणार आहे ते समजावून सांगितले जाते.

नातेवाइकांकडून निर्णय काढून घेणे निर्दयपणाचे वाटेल. मला ते उलट वाटते. आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्री “तुम्ही ठरवा” असे सांगणे हेच अधिक निष्ठुर आहे, आणि आयत्या वेळी नकार दिलेल्या काही कुटुंबांना नंतर त्याची रुखरुख लागून राहते, हे या क्षेत्रातले लोक जाणतात. अर्थात त्यांच्याशिवाय वैद्यकीय इतिहास मिळत नाही, त्यामुळे त्यांना बाजूला सारून काम होणारच नाही. त्यांना साक्षीदाराचे काम द्यावे, त्यासाठी निवांत खोली, वेळ आणि नीट बोलणारे माणूस द्यावे, आणि जिथे मृताचा शब्द उपलब्ध नाही तिथे त्यांना “तुम्हाला काय वाटतं?” असे न विचारता “त्यांनी काय म्हटलं असतं?” असे विचारावे.

आणि जिथे मृताने काहीच सांगितलेले नाही, कुटुंबालाही काही माहीत नाही, तिथे काय? तिथे मी घेऊ नये या बाजूचा आहे. या भूमिकेची किंमत आहे आणि ती प्रतीक्षायादीवरचे कोणीतरी मोजेल, हे मला कळते. पण वरचे अनुभव पाहता या गटातून ऑप्ट-आउट कायद्याला प्रत्यक्षात मिळणारे अवयव फार नाहीत, कारण अर्ध्या ठिकाणी कुटुंब थांबवतेच. आणि विश्वास ढळल्यास जे जाते ते मात्र होकार देणाऱ्यांमधून जाते. म्हणून एखाद्या देशाने कायदा बदलल्यावर यश मोजताना एकूण दाते किंवा नोंदवहीतली नावे पाहू नयेत. स्पष्ट होकार असलेल्या मृतांच्या कुटुंबांनी किती वेळा विरोध केला, मौन असलेल्यांच्या बाबतीत कुटुंबाला मृताचे मत किती वेळा सांगता आले, कायद्यानंतर नकार नोंदवणाऱ्यांची संख्या कोणत्या वस्त्यांत वाढली आणि श्वसनयंत्रावरच्या किती संभाव्य दात्यांची माहिती समन्वयकापर्यंत पोहोचलीच नाही, हे चार आकडे दरवर्षी वेगवेगळे प्रसिद्ध करावेत. यातला दुसरा आकडा वाढत नसेल तर पूर्वनिर्धारित पर्याय कोणता ठेवला आहे याने फारसे काही बदलणार नाही.